एक किल्ली, दोन कुलुपं

ग्लायसीनशी माझी ओळख झाली ती झोपेच्या संदर्भात नव्हे, तर तीन-तीन लिटरच्या बाटल्यांमधून. प्रोस्टेटची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना सर्जन विजेच्या तारेने गाठीचे पातळ काप काढत असतो आणि आतलं स्वच्छ दिसावं म्हणून वरून सतत पाणी सोडावं लागतं. सलाइन सोडलं तर त्यातल्या मिठातून वीज भलतीकडे पसरते आणि तार कापेनाशी होते. साधं पाणी सोडलं तर ते रक्तात जाऊन तांबड्या पेशी फोडतं. त्यावरचा स्वस्त आणि पारदर्शक तोडगा म्हणजे दीड टक्का ग्लायसीनचं पाणी. एका लिटरमध्ये पंधरा ग्रॅम. आता सलाइनमध्ये चालणारी नवी यंत्रं आली आहेत, पण आपल्याकडच्या कितीतरी शस्त्रक्रियागृहांत स्टँडवर अजून याच बाटल्या टांगलेल्या असतात.

मी भूलतज्ज्ञ. या शस्त्रक्रियेला आम्ही शक्यतो कमरेत भूल देतो आणि रुग्णाला जागं ठेवतो. त्याच्याशी गप्पा मारत राहायचं, गाव कुठलं, पाऊस कसा आहे, नातवंडं किती. या गप्पांना एक कारण आहे. कापलेल्या शिरांच्या उघड्या तोंडांतून ते पाणी हळूहळू रक्तात शिरत असतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की त्याची पहिली खबर बहुतेकदा रुग्णाच्याच तोंडून मिळते. तो अस्वस्थ होतो, मळमळतं म्हणतो, उत्तरं तुटक देऊ लागतो. आणि कधी कधी डोक्यावर दिवे लख्ख जळत असताना विचारतो, “लाइट गेली का हो?” शिकत असताना आमच्या मॅडमनी बजावून ठेवलं होतं की हा प्रश्न कानावर आला की आधी सर्जनला थांबवायचं, बाकीचं नंतर. रक्तातलं सोडियम पातळ होणं हा यातला मोठा धोका. दिसेनासं होण्यात मात्र खुद्द ग्लायसीनचा हात असतो. डोळ्याच्या पडद्यात, रेटिनात, काही पेशी एकमेकींना गप्प करण्यासाठी ग्लायसीनच वापरतात, आणि बाहेरून त्याचा पूर आला की पडदाच गप्प होतो. काही तासांत, फार तर दिवसभरात, दृष्टी परत येते.

त्यामुळे ठाण्याच्या माझ्या मावसबहिणीने पांढऱ्या पावडरीच्या डब्याचा फोटो पाठवून “ताई, हे तुझ्याच खात्यातलं ना गं?” असं विचारलं, तेव्हा मला आधी त्या बाटल्या आठवल्या. तिची झोप वर्षभर बिनसली आहे. डब्यावर लिहिलं होतं, झोपण्याआधी तीन ग्रॅम. त्याबरोबर कुणीतरी पाठवलेली एक ओळही तिने पुढे ढकलली होती: ग्लायसीन मेंदूतल्या पेशींना शांत करतं, म्हणून ते घेतल्यावर झोप लागते. या ओळीतला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागाच्या बाजूनेही लहान का होईना, पुरावा आहे. पण पहिल्यातून दुसरं निघतं, हे काही खरं दिसत नाही. तिला फोनवर पाच मिनिटांत हे सांगता आलं नाही, म्हणून इथे ऐसपैस लिहिते आहे.

ग्लायसीन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल. बाकीच्या अमिनो आम्लांना एकेक शेपूट असतं, कुणाला लांब, कुणाला कड्याचं; याच्या वाट्याला नुसता हायड्रोजनचा एक अणू. १८२० साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने जिलेटीन गंधकाम्लात उकळून हा गोड स्फटिक पहिल्यांदा वेगळा केला. हाडं, कातडी, कुर्चा यांना ताकद देणाऱ्या कोलॅजेनमध्ये दर तिसरी जागा ग्लायसीनची असते, त्यामुळे पायाच्या सूपमध्ये ते भरपूर. शिवाय शरीर ते स्वतःही बनवतं. इतका सर्वत्र सांडलेला, सामान्य रेणू चेतापेशींमधला निरोप्या असेल, अशी शंका बराच काळ कुणाला आली नाही यात नवल नाही.

ती शंका १९६५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या इंडियानामध्ये ॲप्रिसन आणि वर्मन यांनी मांडली. मग त्यांच्या गटाने एक निर्दय पण नेमका प्रयोग केला. मांजराच्या महाधमनीला काही काळ चिमटा लावून मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तोडला. अशा वेळी मज्जारज्जूतल्या मधल्या दुव्याच्या छोट्या पेशी आधी मरतात. त्यांच्यासोबत तिथलं ग्लायसीनही घटलेलं आढळलं. म्हणजे ते नुसतंच सगळीकडे पसरलेलं नव्हतं, ठरावीक पेशी ते बाळगून होत्या. आणि त्या पेशींचं काम दुसऱ्यांना थोपवण्याचं होतं.

शिक्कामोर्तब झालं ते एका विषाच्या मदतीने, आणि त्या विषाचं झाड आपल्या कोकण-गोव्यात कित्येकांनी पाहिलेलं असेल. काजरा. नारिंगी, गोल, दिसायला लोभस फळं आणि आत चपट्या करड्या बिया, ज्या बाजारात कुचला म्हणून मिळतात. गुरंसुद्धा याच्या वाटेला जात नाहीत, असं आमच्या आजोळी म्हणत. या कडू बियांमध्ये स्ट्रिक्निन असतं. १८१८ मध्ये पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हांतू यांनी ते शुद्ध रूपात वेगळं केलं. स्ट्रिक्निनची विषबाधा झालेला माणूस शुद्धीवर असतो, पण दार आपटलं, कुणी हात लावला, तरी त्याच्या अंगातले सगळे स्नायू एकाच वेळी ताठतात. हात वाकवणारा स्नायू आणि सरळ करणारा स्नायू दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. एरवी असं होत नाही, कारण आपण कोपर वाकवतो तेव्हा मज्जारज्जूतल्या त्या मधल्या पेशी कोपर सरळ करणाऱ्या स्नायूच्या चेतापेशीवर ग्लायसीन सोडून तिला गप्प बसवतात. स्ट्रिक्निन नेमकी ग्लायसीनची जागा अडवून बसतं. कॅनबेरामध्ये डेव्हिड कर्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिलं की पेशीवर बाहेरून सोडलेल्या ग्लायसीनचा परिणामही स्ट्रिक्निन पुसून टाकतं आणि शरीराच्या स्वतःच्या थोपवणीचाही. दोन्ही एकाच विषाने पुसले जातात, तर दोन्ही एकाच वाटेने जात असणार.

ही वाट म्हणजे पेशीच्या आवरणातलं पहिलं कुलूप, ग्लायसीन रिसेप्टर. पाच प्रथिनांचे तुकडे गोलाकार उभे राहून मध्ये एक बोगदा तयार होतो. ग्लायसीन येऊन चिकटलं की बोगदा उघडतो आणि क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात. चेतापेशी पेटायची तर तिच्या आतला विद्युतभार धनाकडे सरकावा लागतो. क्लोराइड तो सरकू देत नाही. हा सगळा खेळ काही सहस्रांश सेकंदांचा. लगेच शेजारच्या पंपांनी उरलेलं ग्लायसीन उचलून परत भरलं, की पेशी पुन्हा मोकळी. भूल देताना स्नायू ढिले करणारी औषधं मी रोज वापरते, पण ती सरळ स्नायूच्या दारात काम करतात. ग्लायसीन त्याच्या कितीतरी आधी, आज्ञा निघते तिथेच, ती निघू देत नाही.

मेंदूच्या वरच्या भागात, मोठ्या मेंदूत, थोपवण्याचं काम बहुतांशी गाबा नावाचा दुसरा रेणू करतो. ग्लायसीनचं राज्य खाली, मज्जारज्जूत आणि मस्तिष्कस्तंभात. मस्तिष्कस्तंभ म्हणजे मेंदूचा देठ, जिथे श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल, चेहरा आणि जबडा यांच्या आज्ञा तयार होतात. आणि इथेच ग्लायसीनचा झोपेशी पहिला खराखुरा संबंध येतो, फक्त तो झोप लागण्याशी नाही.

स्वप्नं मुख्यतः ज्या टप्प्यात पडतात त्या रेम झोपेत आपलं शरीर जवळजवळ लुळं पडलेलं असतं. श्वासपटल चालू, डोळे पापण्यांआड फिरताहेत, बाकी मान, जबडा, हातपाय सैल. मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या भागात, पॉन्समध्ये, पेशींचा एक छोटा पुंजका रेम सुरू होताच जागा होतो. तो खालच्या भागातल्या, लंबमज्जेतल्या पेशींना इशारा देतो आणि त्या पेशी स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशींवर ग्लायसीन आणि गाबा सोडतात. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मायकेल चेस आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या मांजरांच्या अशा एकेका पेशीत सूक्ष्म काचेची नळी घालून विद्युतभार मोजला. रेमच्या वेळी त्या पेशीवर मोठे थोपवणारे धक्के बसताना दिसले, आणि शेजारी स्ट्रिक्निन सोडताच ते नाहीसे झाले. इथेही काजऱ्याचंच विष कामी आलं.

हे इतकं सुबक होतं की पाठ्यपुस्तकांत ‘रेममधला लुळेपणा ग्लायसीनमुळे’ असं वाक्य रुजलं. मग टोरांटोमध्ये ब्रुक्स आणि पीव्हर यांनी उंदरांच्या जबड्याच्या स्नायूवर तीच गोष्ट तपासली. २००८ मध्ये त्यांना आढळलं की त्या चेतापेशींवरचं ग्लायसीनचं आणि गाबाचं एक कुलूप बंद केलं तरी रेममध्ये जबडा सैलच राहतो. २०१२ मध्ये उत्तर मिळालं: ग्लायसीनचं कुलूप आणि गाबाची दोन्ही प्रकारची कुलुपं अशी तिन्ही एकाच वेळी बंद केली, तेव्हा कुठे रेममध्ये स्नायूत ताण परतला. निसर्गाने हे काम एकट्या ग्लायसीनच्या भरवशावर सोडलेलं नाही. मला यात शहाणपण दिसतं. स्वप्नात धावणारा माणूस खरोखर पलंगावरून धावत सुटला तर काय होईल, याचं उत्तर मिनेसोटात शेंक आणि महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये वर्णन केलेल्या आजारात आहे. स्वप्नात मारामारी करणारे हे रुग्ण, बहुतांशी वयस्क पुरुष, झोपेतच बायकोला गुद्दे मारतात, भिंतीवर आपटतात. त्यांच्यातल्या अनेकांमध्ये पुढे पार्किन्सन दिसू लागतो. घरात कुणी असं करत असेल तर ‘स्वप्नाळू आहे’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

तर मस्तिष्कस्तंभातलं ग्लायसीन तुम्हाला झोपवत नाही. तुम्ही आधीच झोपलेले असता, स्वप्नात गेलेले असता, तेव्हा ते तुम्हाला पलंगावर राखतं. डब्यावरच्या तीन ग्रॅमने हेच कुलूप उघडत असतं तर दिसायला काय हवं? स्नायू ढिले पडायला हवेत, प्रतिक्षिप्त क्रिया मंदावायला हव्यात, रेम झोपेत काही फरक पडायला हवा. तसं काही दिसतं का, हे पाहायला आता जपानला जावं लागतं.

झोपण्याआधीच्या ग्लायसीनचे गाजलेले प्रयोग जवळजवळ सगळे आजिनोमोतोशी निगडित आहेत. खाद्यपदार्थांत चवीसाठी टाकतात त्या मोनोसोडियम ग्लुटामेटची हीच ती कंपनी. अमिनो आम्लं बनवणं हा तिचा शंभर वर्षांहून जुना धंदा. जिचा माल तिचाच प्रयोग, ही गोष्ट वाचताना मनात एका बाजूला ठेवायला हवी. पण तेवढ्यावरून निष्कर्ष फेकून देणंही बरोबर नाही, कारण प्रयोगांची रचना प्रामाणिक आहे. २००६ मध्ये इनागावा आणि सहकाऱ्यांनी झोपेची तक्रार असलेल्या स्त्रियांना झोपण्याआधी तीन ग्रॅम ग्लायसीन किंवा तसंच दिसणारी निरुपद्रवी पावडर दिली. ग्लायसीनच्या रात्रीनंतर सकाळचा थकवा कमी असल्याचं त्यांनी सांगितलं. सांगितलं, म्हणजे प्रश्नावलीत लिहिलं. २००७ मध्ये यामादेरा यांनी डोक्याला तारा लावून झोप मोजली. माणसं अकरा. झोप लागायला लागणारा वेळ आणि गाढ झोपेपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ, दोन्ही कमी झाले, दुसऱ्या दिवशीची पेंग कमी झाली. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे झोपेच्या टप्प्यांची एकंदर मांडणी बदलली नाही. झोपेच्या नेहमीच्या गोळ्यांनी ती बहुतेक वेळा बदलते. पुढे २०१२ मध्ये बान्नाई यांनी निरोगी माणसांची झोप सलग तीन रात्री एक चतुर्थांशाने कमी केली, तेव्हाही ग्लायसीन घेतलेल्यांना दिवसा थकवा थोडा कमी जाणवला आणि पडद्यावर खूण दिसताच बटण दाबण्याच्या चाचणीत ते जरा बरे ठरले.

अकरा माणसं म्हणजे आमच्या सोसायटीच्या एका जिन्यातली माणसं. अशा संख्येवर ‘सिद्ध झालं’ म्हणता येत नाही. पण जो काही परिणाम दिसला तो एका विशिष्ट प्रकारचा आहे: झोप लवकर येते, खोलवर लवकर जाते, बाकी काही बिघडत नाही. पेशींना सरसकट गप्प करणाऱ्या औषधाची ही खूण नव्हे.

मग हे होतं कसं? त्याच कंपनीच्या कावाई आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये उंदरांवर याचा पाठपुरावा केला. तोंडावाटे ग्लायसीन दिलं की उंदरांच्या कातडीतला रक्तप्रवाह वाढत होता आणि पोटातलं, म्हणजे शरीराच्या गाभ्याचं, तापमान उतरत होतं. झोपेच्या शास्त्रात ही खूण ओळखीची आहे. संध्याकाळ सरताना आपल्या हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तळवे गरम होतात, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि गाभा थोडा थंड झाला की झोप येते. १९९९ मध्ये बाझेलच्या संशोधकांनी दाखवलं होतं की माणसाचे हातपाय धडाच्या मानाने जितके गरम, तितकी झोप लवकर लागते. थंडीत पाय गार असले की डोळा लागत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

आता प्रश्न उरला कुलपाचा. उंदरांच्या मेंदूच्या पोकळीत आधी स्ट्रिक्निन सोडलं, म्हणजे पहिलं कुलूप बंद केलं, आणि मग ग्लायसीन दिलं. परिणाम तसाच राहिला. मग एनएमडीए नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरला बंद करणारी औषधं सोडली. तेव्हा मात्र ग्लायसीनचा परिणाम थांबला. आणि गंमत अशी की एनएमडीए हा पेशीला गप्प करणारा नाही, पेटवणारा रिसेप्टर आहे. ग्लुटामेट हा त्याचा मुख्य मालक, पण १९८७ मध्ये जॉन्सन आणि आशेर यांनी दाखवलं की सोबत ग्लायसीनही बसल्याशिवाय तो नीट उघडत नाही. कावाईंनी पुढे जाऊन मेंदूतली ती जागाही शोधली: दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर असलेला, काही हजार पेशींचा, शरीराचं दिवसरात्रीचं वेळापत्रक सांभाळणारा सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. तो नष्ट केलेल्या उंदरांमध्ये ग्लायसीनने ना तापमान उतरलं, ना झोप सुधारली.

म्हणजे झोपेपूर्वीचं ग्लायसीन, निदान उंदरांमध्ये, मस्तिष्कस्तंभाला थोपवत नाही. ते दिवसरात्र ठरवणाऱ्या पेशींना थोडं डिवचतं, आणि त्या पेशी कातडीचे रस्ते उघडून अंगातली ऊब बाहेर सोडतात. शांत करणारं अमिनो आम्ल इथे शांत करून नव्हे, तर चेतवून काम करतं.

एकाच रेणूला दोन विरुद्ध कुलुपं कशी, हे ज्याला पटत नसेल त्याने एका दुर्मिळ आजाराकडे पाहावं. जन्मतः ग्लायसीन मोडणारी यंत्रणा बिघडलेली असेल तर बाळाच्या मेंदूत ते साचत जातं. पहिल्या काही दिवसांतच असं बाळ निपचित पडतं, अंगात ताण राहत नाही, दूध ओढत नाही, श्वास थांबू लागतो. हा झाला मस्तिष्कस्तंभ आणि मज्जारज्जू अतिथोपवला गेल्याचा परिणाम. आणि त्याच बाळाला त्याच वेळी झटके येत असतात, कारण वर मोठ्या मेंदूत एनएमडीए रिसेप्टर अतिउघडा राहतो. उपचारही म्हणून दुहेरी. सोडियम बेंझोएट देऊन ग्लायसीन लघवीवाटे बाहेर काढायचं आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन, हो, खोकल्याच्या औषधातलंच, देऊन एनएमडीएचं कुलूप अर्धवट अडवायचं. निदानाचा मार्गही सांगण्यासारखा आहे. रक्त आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी एकाच वेळी घेऊन दोन्हींतल्या ग्लायसीनचं गुणोत्तर काढतात. निरोगी माणसात पाठीच्या पाण्यातलं प्रमाण रक्ताच्या दोन-तीन टक्के असतं. या बाळांमध्ये ते आठ टक्क्यांच्या वर जातं.

हे दोन-तीन टक्के डब्याच्या गोष्टीतही महत्त्वाचे आहेत. रक्तातलं ग्लायसीन मेंदूत सहज शिरत नाही, रक्त आणि मेंदूमधला पडदा ते अडवतो. मेंदू स्वतःचं ग्लायसीन बहुतांशी सेरीनपासून घरीच बनवतो आणि पंप लावून चोख आवरून ठेवतो. त्यामुळे तीन ग्रॅम पोटात गेले म्हणून मस्तिष्कस्तंभातल्या कुलपांवर त्याचा पूर येत नाही, आणि ते आपलं सुदैव आहे. पूर आला तर काय होतं ते त्या बाळात दिसतं, आणि थोड्या वेगळ्या रीतीने ‘लाइट गेली का’ म्हणणाऱ्या आजोबांमध्येही. तिथे एक लिटर पाणी रक्तात शिरलं तरी पंधरा ग्रॅम थेट शिरेत गेलेले असतात, पोट आणि यकृत यांच्या तपासणीतून न जाता.

उंदरांच्या प्रयोगातला एक आकडाही नीट पाहायला हवा. त्यांना वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम ग्लायसीन दिलं होतं. साठ किलोच्या माणसाला तीन ग्रॅम म्हणजे किलोमागे अवघे पन्नास मिलिग्रॅम, चाळीस पटींनी कमी. अर्थात लहान प्राण्यांचा चयापचय वेगवान असल्याने डोस सरळ वजनाने लावत नाहीत. उंदराचा डोस माणसाला लावताना साधारण सहाने भागतात. तसं केलं तरी साठ किलोच्या माणसासाठी हिशेब एकोणीस ग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे डब्यावरच्या सहापट. म्हणून उंदरात सापडलेली वाट माणसात त्याच डोसला चालते, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण जाहिरातीतल्या वाटेपेक्षा ती पुराव्याच्या जास्त जवळ आहे. तिची परीक्षाही सोपी आहे: तीन ग्रॅम घेतल्यावर माणसाचे तळपाय गरम होतात का आणि गाभ्याचं तापमान उतरतं का, हे कंपनीबाहेरच्या कुणीतरी, अकराहून बऱ्याच जास्त माणसांवर, रात्रभर मोजायचं.

बहिणीला मी काय सांगितलं ते लिहिते, कारण वाचणाऱ्यांपैकी काहींकडे तो डबा असेलच. प्रयोगांत वापरलेला डोस तीन ग्रॅमचा होता, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडा कमी, पाण्यात विरघळवून, झोपण्याच्या तासाभर आधी. चव गोड असते. या प्रमाणात निरोगी माणसाला फारसा त्रास झाल्याचं दिसत नाही, क्वचित पोट जरा बिघडतं. पण मूत्रपिंड किंवा यकृत दुबळं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण ग्लायसीन मोडताना निघणारा अमोनिया त्यांनाच निस्तरावा लागतो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईवर हे प्रयोग झालेले नाहीत, तिनेही नको. आणि घरात कुणी क्लोझॅपीन घेत असेल तर त्यांनी मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय याला हात लावू नये. स्किझोफ्रेनियात एनएमडीए रिसेप्टरला बळ मिळावं म्हणून ग्लायसीन दिवसाला तीस ते साठ ग्रॅमपर्यंत देऊन पाहिलेलं आहे, आणि क्लोझॅपीनसोबत दिल्यावर काही रुग्णांमध्ये त्या औषधाचा गुण घटल्याची नोंद आहे. तिथेही काम करतं ते हेच दुसरं कुलूप.

आणि तिला मी आणखी एक विचारलं, जे कुठल्याही डब्यावर छापलेलं नसतं: तू घोरतेस का, झोपेत मध्येच श्वास अडतो असं भाऊजी म्हणतात का? पाळी जाण्याच्या वयात झोप बिघडण्यामागे श्वास अडण्याचा आजार पुष्कळदा दडलेला असतो, आणि त्याला तीन ग्रॅम काय, तीस ग्रॅम ग्लायसीनही पुरं पडणार नाही. भाऊजींनी फोन हातात घेऊन उत्तर दिलं, “घोरते? ताई, भिंती हलतात.” पुढच्या आठवड्यात तिची झोपेची तपासणी ठरली आहे.